एक ‘म्हणून’

परवां रात्रीं संगणक मिटून निजावें अशा विचारांत असतांना एका विद्यार्थिनीचा ई-मेल आला. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘शूटिंग ॲन एलिफंट’ या १९३६ सालच्या निबंधाचा दीडशे शब्दांत मराठी सारांश करण्यास आम्हीं वर्गाला सांगितलें होतें. तो जोडून तिनें लिहिलें होतें, “सर, सवडीनें पाहून अभिप्राय कळवावा. सर्व प्रसंग आले आहेत. पण मूळ निबंध वाचून जी बेचैनी वाटली, ती यांत उतरली नाहीं. कोठें चुकलें तें कळत नाहीं.”

आम्हीं संवयीप्रमाणें ऱ्हस्वदीर्घाच्या पांच चुका दुरुस्त केल्या, “छान, घटनाक्रम बरोबर” असा शेरा लिहिला आणि उत्तर धाडणार होतों. परंतु तिनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्या शेऱ्यांत कोठेंच नव्हतें. मग मूळ निबंध शेजारीं घेऊन सारांश पुन्हां वाचला.

तिचें मधलें वाक्य असें होतें: “मस्तीवर आलेल्या हत्तीनें एका मजुरास ठार केलें, म्हणून पोलीस अधिकाऱ्यानें त्याला गोळ्या घातल्या.” यांतील दोन्ही घटना खऱ्या, खोटा आहे तो ‘म्हणून’. ब्रह्मदेशांतील मौलमीन येथें हा अधिकारी हत्तीजवळ पोंचतो, तेव्हां हत्ती शांतपणें गवत खात असतो. त्याची मस्ती उतरत आली आहे, त्याला मारण्याची गरज उरलेली नाहीं, हें अधिकाऱ्यास स्पष्ट दिसतें. पण हातांत बंदूक आहे, पाठीशीं दोन हजारांचा जमाव आहे, आणि माघार घेतली तर तो हंसेल! त्या हंशाच्या भीतीनें तो चाप ओढतो. मजुराच्या मृत्यूनें त्याला कायद्यापुरतें निमित्त मिळतें, आणि त्याचें आपणांस बरें वाटलें अशी कबुली तो अखेरीस देतो. तिच्या ‘म्हणून’नें हें निमित्तच कारणाच्या जागीं बसविलें, आणि कबुलीजबाबाचा शिकारवृत्तांत झाला.

सारांशांत काय गाळलें तें लौकर ध्यानांत येतें. काय जोडलें तें येत नाहीं. मुळांतील परिच्छेद गळाले कीं उरलेल्या वाक्यांना सांधण्यासाठीं ‘म्हणून’, ‘त्यामुळें’ असे शब्द घालावे लागतात, आणि ते बहुधा सारांश करणाऱ्याचेच असतात. असे शब्द अधोरेखित करून प्रत्येकाचा आधार मुळांत शोधावा, एवढेंच आम्हीं तिला कळविलें. वाक्य मात्र दुरुस्त करून दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नवें वाक्य आलें: “हत्ती शांत झाला होता, तरीही जमाव हंसेल या भीतीनें अधिकाऱ्यानें त्याला मारलें.” खालीं प्रश्न होता, “आतां तो मजूर कोठें ठेवूं?” आम्हीं लिहिलें, “शेवटीं. अधिकाऱ्यालाही तो शेवटींच उपयोगीं पडला.”

तो पहिला शेरा आम्हीं अजून पुसलेला नाहीं. सारांश नीटनेटका होता, म्हणून आम्हीं ‘छान’ लिहिलें, असें कोणासही वाटेल. खरें कारण एवढेंच, कीं रात्र फार झाली होती.