व्रणाचा काठ

एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर आम्ही चार फोटो छापून देतो. चकचकीत कागद, कोपऱ्यात पेशंटचं नाव आणि ओल्या गुलाबी रंगाचे चार गोल. पेशंटपेक्षा नातेवाईकच ते जास्त बघतात. मुलगा मोबाइलवर फोटो मोठा करून विचारतो, "डॉक्टर, हे लाल लाल काय आहे? कॅन्सर तर नाही ना?" बहुतेक वेळा ते लाल म्हणजे मीच केलेला उद्योग असतो. आतलं पाणी ओढून घेताना दुर्बिणीचं तोंड भिंतीला चिकटतं आणि सुटताना तिथे लाल टिकली उठते. लहान आतड्यातलं पित्त उलटं वर आलं तरी जठर लाल दिसतं. उमाळी येऊन पेशंट जोरात ओकला तरीही लाल. जठरात लाल रंग इतका स्वस्त आहे की एकट्या लाल रंगावरून मी कुणाला घाबरवत नाही, आणि निश्चिंतही करत नाही.

याच कागदावर सर्वांत जास्त वेळा लिहिला जाणारा शब्द म्हणजे गॅस्ट्रायटिस, आपल्या बोलीत 'जठराला सूज'. मीही तो हजारो वेळा लिहिला आहे, आणि बऱ्याचदा आळसाने. खरं तर सूज ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली, आतल्या पेशी बघून. फोटोत लालभडक दिसलेल्या भागाचा तुकडा तपासला तर कधी कधी तो ठणठणीत निघतो, आणि शांत, फिकट दिसणाऱ्या भिंतीत वर्षानुवर्षांची जळजळ मुरलेली असते. मला त्या फिकट भिंतीची जास्त धास्ती वाटते. हेलिकोबॅक्टर जंतू वीस-तीस वर्षं मुक्कामाला राहिला की जठराचं अस्तर झिजतं, पातळ होतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातावर शिरा दिसाव्यात तशा खालच्या रक्तवाहिन्या फोटोत दिसायला लागतात. ही झीज जठराच्या शेवटच्या भागात सुरू होते आणि आतल्या, आखूड वळणाच्या कडेने वर चढत जाते. ती कुठवर चढली आहे यावरून तिची प्रतवारी करण्याची पद्धत किमुरा आणि ताकेमोतो या जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये मांडली. कॅन्सर बहुधा अशाच जमिनीत उगवतो.

निरोगी भिंतीचीही एक खूण आहे. जठराच्या मधल्या भागात दुर्बीण अगदी जवळ नेली की बारीक लाल ठिपके सारख्या अंतरावर मांडलेले दिसतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. त्या रक्त गोळा करणाऱ्या बारीक शिरा. ही मांडणी शाबूत असली तर तिथे जंतू असण्याची शक्यता फार कमी. ठिपके दिसले की माझा हात आपोआप थोडा सैल पडतो.

आता ज्या पेशंटसाठी हे सगळं लिहायला बसलो त्याच्याबद्दल. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, वय अठ्ठावन्न. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून खात होते. पोटात उपाशीपोटी दुखायचं, रात्री जाग यायची. दुर्बीण घातली तर जठराच्या कोनावर, म्हणजे आखूड वळण जिथे दुमडतं तिथे, सव्वा सेंटिमीटरचा व्रण. तळाला पांढरट पिवळा पापुद्रा, भोवती सुजलेली गुलाबी कड. गोळ्या आहेत, व्रण आहे, हिशेब जुळला. मी दोन तुकडे काढले, दोन्ही तळातून. रिपोर्ट आला: मेलेल्या पेशी आणि सूज. आम्ल कमी करणारी गोळी दिली, वेदनाशामक बंद केल्या आणि आठ आठवड्यांनी परत या म्हणून सांगितलं.

यात माझी चूक कोणती हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. व्रणाच्या तळाला जिवंत काही नसतंच, तिथून तुकडा काढणं म्हणजे भिंतीवरचा पोपडा तपासायला पाठवणं. तुकडे घ्यायचे ते काठाच्या आतल्या बाजूने, चारही दिशांनी, किमान सहा. एकेक तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, आणि पहिल्या चिमट्यालाच रक्त येतं. पेशंट डाव्या कुशीवर असतो, रक्त खालच्या बाजूला ओघळतं, म्हणून सुरुवात ओघळाच्या खालच्या काठापासून करायची, नाहीतर पुढची जागा रक्ताखाली जाते. हे सगळं मी शिकाऊ डॉक्टरांना सांगत आलो आहे. त्या दिवशी बाहेर अकरा पेशंट बसले होते.

आठ आठवड्यांनी काका आले ते चहा-बिस्किटं पचवून, वजन वाढवून. "साहेब, दुखणं गेलं, आता परत नळी कशाला? गोळी लागू पडली की." गोळी लागू पडली हेच घातक ठरू शकतं. कॅन्सरच्या जागी पडलेला व्रणही आम्लाची गोळी दिली की भरतो. वर नवं अस्तर धरतं, दुखणं थांबतं, आणि कॅन्सर कडेला जिथे होता तिथेच असतो. काही महिन्यांनी पुन्हा व्रण पडतो, पुन्हा भरतो. साकिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच असे भरणारे-उघडणारे व्रण पाठोपाठच्या फोटोंतून दाखवून दिले होते. जपानला हे दिसलं याचं एक कारण म्हणजे तिथे १९५० मध्येच ओलिंपस कंपनीत जठरात गिळता येणारा कॅमेरा बनला होता, आणि एकाच माणसाच्या जठराचे पुन्हा पुन्हा फोटो काढून ते शेजारी शेजारी ठेवून बघण्याची सवय तिथल्या डॉक्टरांना लागली होती.

या वेळी मी घाई केली नाही. दुर्बिणीच्या वीस मिनिटं आधी फेस मोडणारं आणि चिकटा सोडवणारं औषध पाण्यातून प्यायला दिलं. तरी राहिलेला चिकटा सिरिंजने पाणी मारून धुतला. व्रण भरला होता. जागी पांढरट लाल वण, आणि जठराच्या चुण्या चारही बाजूंनी त्याच्याकडे ओढल्या गेलेल्या, कमरेशी खोचलेल्या निऱ्यांसारख्या.

वाचकांनी एखाद्या फोटोत काही बघायचंच असेल तर या निऱ्या बघाव्यात. साध्या व्रणात त्या हळूहळू निमुळत्या होत वणापर्यंत पोचतात, आणि सगळ्या जवळपास एकाच ठिकाणी थांबतात. कॅन्सर असेल तिथे निरी मध्येच तुटते, टोक कुरतडल्यासारखं होतं, किंवा उलट गदेसारखं फुगतं, किंवा शेजारच्या दोन निऱ्या एकमेकींत मिसळून जातात. जुन्या रेशमी साडीला कसर लागली की जरीचा काठ जसा मधूनच खाल्लेला दिसतो, तसं. काकांच्या फोटोत नऊ निऱ्या मोजल्या. सात नीट निमुळत्या होत्या. मागच्या भिंतीकडच्या दोन वणापासून चार-पाच मिलिमीटर अलीकडेच संपल्या होत्या, आणि त्या संपल्या तिथून वणापर्यंतचा पट्टा बाकीपेक्षा किंचित खोल आणि किंचित लाल होता. इतका किंचित की त्या पट्ट्यावर उजेड सरळ पडला तर दिसत नव्हता. दुर्बीण तिरकी धरली की सावलीने दिसत होता.

मग हवा. जठरात कमी हवा असताना एक फोटो काढायचा आणि भरपूर फुगवून दुसरा. भिंत मऊ असेल तर फुगवल्यावर निऱ्या उलगडतात, जागा पसरते. कॅन्सर स्नायूत शिरला असेल तर तो भाग ताठ राहतो, फुगवूनही खळगा तसाच. काकांचा पट्टा पसरला. त्यातल्या त्यात बरं लक्षण.

शेवटी बटण दाबून निळा-हिरवा उजेड लावला. या उजेडात अस्तरावरच्या बारीक नळ्यांचे आणि शिरांचे आकार उठून दिसतात. निरोगी भागात जाळं एकसारखं होतं. पट्ट्याच्या कडेशी मात्र ते एका रेषेवर थांबलं, आणि रेषेच्या आत शिरा जाड-बारीक, कुठे वळलेल्या, कुठे अर्ध्यावर तुटलेल्या. ही रेष मला फार मोलाची वाटते. सुजेला हद्द नसते, ती विरत जाते. कॅन्सरला बहुधा सीमा असते, आणि ती बोटाने गिरवता येते. अर्थात प्रत्येक जात अशी प्रामाणिक नसते. सुट्या सुट्या पेशींचा एक कॅन्सर अस्तराखालून पसरतो, वर फक्त फिकट डाग दिसतो, आणि तिथे माझी रेष खोटी ठरते.

सहा तुकडे घेतले, चार त्या पट्ट्यातून. चारांपैकी तीन तुकड्यांत कॅन्सर निघाला, नळ्यांची रचना बऱ्यापैकी टिकवून ठेवणारा. काकांना मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवलं. तिथे पोट न फाडता दुर्बिणीतूनच अस्तराचा तो भाग खालच्या थरावरून सोलून काढला. जुन्या व्रणाने थर एकमेकांना चिकटले होते, म्हणून वेळ लागला. चौदा मिलिमीटरचा कॅन्सर, अस्तराच्या पलीकडे गेलेला नाही, सगळ्या कडा मोकळ्या. नंतर दोन आठवडे जंतूचं औषध झालं, आणि आता काका वर्षातून एकदा माझ्याकडे नळी गिळतात. गुडघे अजून दुखतात.

जुन्या फोटोंकडे मी नंतर एका रात्री परत गेलो. पहिल्या दिवशी मी एकूण सहाच काढले होते. हल्ली वीस-बावीस काढतो. सहांपैकी पाचांत व्रण अगदी मधोमध आहे, तळ स्पष्ट, फोकस चांगला. रिपोर्टवर छापलेले सुद्धा त्यातलेच. सहाव्यात व्रण डाव्या कोपऱ्यात सरकला आहे आणि उजवीकडे, मागच्या भिंतीकडे, पित्ताचा पिवळा फेस आहे. पाच मिलिलिटर पाणी मारलं असतं तर तो निघून गेला असता. फेसाच्या दोन बुडबुड्यांमधून काहीतरी तांबूस दिसतं. मी उजेड वाढवून, फोटो मोठा करून बराच वेळ बघितलं. तो पट्ट्याचा काठ असेल, किंवा दुर्बिणीच्या तोंडाने उठलेली टिकली असेल.