निरोप लिहायला शिकवणारी काकू

कार्यालयात पत्रं, सूचना, परिपत्रकं लिहिणं हेच माझं काम. त्यामुळे घरच्या ग्रुपवर ज्येष्ठांसाठी काही लिहायचं असलं की ते आपसूक माझ्याकडे येतं. पण पंचाहत्तरीच्या माणसाला एकट्याने वाचून हातातलं काम पुरं करता येईल, असं लिहायला मला कुठल्याही कार्यालयाने शिकवलं नाही. ते शिकवलं भुसावळच्या काकूने.

शाळेची काही वर्षं मी काका-काकूंकडे रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहिलो. शेजारच्या बायका मनीऑर्डरचा फॉर्म भरून घ्यायला काकूकडे यायच्या. फॉर्म भरून झाला की काकू विचारायची, "आता पोस्टात जाऊन काय करशील, सांग बघू." ती बाई सांगायला लागायची. जिथे अडायची तेवढंच काकू पुन्हा समजावायची. मी शेजारी बसून गृहपाठ करत असे. हे सगळं रोज डोळ्यांसमोर होतं, पण त्या प्रश्नाचं मोल मला फार उशिरा कळलं.

काका गेले आणि काकूला फॅमिली पेन्शन सुरू झाली. त्याबरोबर दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आला. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि हा दाखला बोटाच्या ठशावर निघू लागला. पण वयाबरोबर ठसे झिजतात, आणि काकूच्या बोटांनी तर आयुष्यभर भांडी घासली होती. मशीन तिचा ठसा घेईना. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवून दाखला काढायची सोय झाली, तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्या ग्रुपमध्ये तिच्यासारखे आणखीही पेन्शनर आहेत. सगळ्यांसाठी मी पूर्ण पद्धत लिहून टाकली. व्यवस्थित, मुद्देसूद, एकाच निरोपात.

संध्याकाळी काकूचा फोन आला. "अरे, तुझं लिहिणं मधेच संपलंय."

ते संपलेलं नव्हतं. निरोप लांब असला की व्हॉट्सॲप त्याचा पहिलाच भाग दाखवतं आणि खाली `Read more` असं लिहितं. त्यावर बोट लावायचं असतं हे काकूला कोणी सांगितलेलं नव्हतं. महत्त्वाच्या पायऱ्या सगळ्या त्याच्या खाली होत्या. पुढे ती म्हणाली, "आणि हे ‘आवश्यक माहिती भरा’ म्हणजे काय भरू? एका वेळी एकच सांग. तेवढं करते, मग पुढचं विचारते."

त्या एका वाक्यावर माझी लिहिण्याची पद्धत बदलली. एका निरोपात एकच पायरी आणि एका ओळीत एकच क्रिया लिहू लागलो. पडद्यावर जो शब्द दिसतो तोच, तसाच. बटण इंग्रजीत असेल तर त्याचं भाषांतर करायचं नाही, कारण समोरचा माणूस ती अक्षरं पडद्यावर शोधत असतो. चेहऱ्याची पायरी आता अशी असते:

*पायरी ४*
खिडकीकडे तोंड करून बसा.
चष्मा काढा.
फोन चेहऱ्यासमोर सरळ धरा.
डोळे मिटा. उघडा.
झालं की इथे लिहा: ४ झालं

पायरीच्या आकड्याला दोन्ही बाजूंनी चांदणीची खूण घातली की तो ठळक दिसतो. पण अक्षर मोठं होत नाही. ते ज्याच्या त्याच्या फोनमध्येच मोठं करावं लागतं, म्हणून ते काम नातवंडांकडून आधीच करून घेतो. आणि "४ झालं" आल्याशिवाय पाचवी पायरी टाकत नाही.

काही जणांना वाचणंच जड जातं, म्हणून बोलून पाठवू लागलो. तेव्हा काकू म्हणाली, "तू असा भरभर का बोलतोस? गाडी सुटतेय का?" मी तर सावकाश बोललो होतो. पुढे भुसावळला तिच्या शेजारी बसलो तेव्हा उलगडा झाला. आवाज सुरू असताना कडेला `1×` असं दिसतं. त्यावर चुकून बोट लागलं की वेग दीडपट, दुप्पट होतो. शिवाय ती फोन कानाला लावत होती. कानाला लावला की आवाज वरच्या बारीक स्पीकरमधून येतो आणि पडदा काळा होतो. फोन बंद पडला असं तिला वाटायचं. एकापाठोपाठ पाठवलेले आवाज तर न थांबता सलग वाजतात. पहिली पायरी होते न होते तोच तिसरी ऐकू येते. हे सगळं तिच्या शेजारी बसलो म्हणून दिसलं. तेव्हापासून दोन आवाजांच्या मध्ये मी लिहिलेली पायरी ठेवतो, अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बोलत नाही, आणि सुरुवातीलाच सांगतो: फोन समोर धरा, कानाला लावू नका.

त्याच दुपारी आम्ही दाखला काढायला बसलो. सगळं ठीक चाललं होतं आणि एका जागी काकू थांबली. पडद्यावर पुनर्विवाहाचा प्रश्न होता. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "हे मला का विचारतात?" मी लिहिलेल्या पायऱ्यांत तिथे फक्त "`No` निवडा" एवढंच होतं. फॅमिली पेन्शनसाठी तो नेहमीचा प्रश्न आहे, हे मला माहीत होतं. पण काकांच्या फोटोखाली बसून तो वाचणाऱ्या बाईला काय वाटेल, हे मनात आलं नव्हतं. आता त्या पायरीचा आवाज वेगळा पाठवतो. त्यात आधीच सांगतो की पुढे एक प्रश्न येईल, तो प्रत्येकीला विचारतात, मनाला लावून घेऊ नका, खरं असेल ते निवडा.

चेहरा दोनदा दाखवावा लागतो, हीदेखील भर तिचीच. आधी `Operator Authentication` साठी, म्हणजे फोन चालवणाऱ्याचा, मग पेन्शनरचा. दोन्ही माणसं एकच असली तरी दोनदा. पहिल्यांदा झाल्यावर तिला वाटलं, झालं काम. तिने फोन खाली ठेवला. म्हणून शेवटच्या निरोपात खूण लिहिली: प्रमाण आयडीचा एसएमएस आला तरच दाखला निघाला. आणि पीपीओ नंबर किंवा पेन्शन देणारी बँक चुकीची निवडली असेल, तर तो दाखला नंतर नाकारलाही जाऊ शकतो. म्हणून दाखला स्वीकारला का, हे बँकेत विचारायचं.

ओटीपीची ओळ तिने स्वतः सांगून लिहून घेतली. ओटीपी आपल्या फोनवर आपणच भरायचा. फोन करून कोणी मागितला तर द्यायचा नाही, पुतण्याचं नाव सांगितलं तरी नाही.

आता ग्रुपवर काही टाकण्याआधी मी ते काकूला पाठवतो आणि फोन करून तिचाच प्रश्न तिला विचारतो: "आता काय करशील, सांग बघू." ती जिथे अडते ती ओळ पुन्हा लिहितो. गेल्या खेपेपासून पायऱ्यांचे आवाजही तिचेच असतात. तिच्या बरोबरीची माणसं तो आवाज शेवटपर्यंत ऐकतात.

तुमच्या घरी पेन्शनर असतील तर नोव्हेंबरची वाट बघू नका. पीपीओ नंबर, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल आत्ताच एका जागी काढून ठेवा. केंद्र सरकारच्या ऐंशी पूर्ण झालेल्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. आणि फोनवर जमलंच नाही, तर पोस्टमन घरी येऊनही तो काढून देतो.