आधी टाळी, मग ठेका

आषाढी एकादशीची संध्याकाळ होती. वाईला आमच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरात बायकांचं भजनी मंडळ बसलं होतं आणि त्यांच्या नेहमीच्या ढोलकवाल्याला ताप आला म्हणून मला बोलावलं होतं. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. गांधर्वची प्रवेशिका पूर्ण झालेली, हातात त्रितालाचे दोन-तीन कायदे तयार. भजनाची साथ म्हणजे केहरवा धरायचा आणि लावून द्यायचा, इतकीच माझी समजूत होती.

रूपाचे दोन अभंग ठीक गेले. मग अक्कांनी गौळण धरली. अक्का म्हणजे मंडळाच्या प्रमुख, तेव्हा साठीच्या. गौळण खेळकर असते आणि खेळकर गाण्याला केहरवा, हे मी कुठेतरी ऐकून डोक्यात ठेवलं होतं. त्यामुळे त्यांची पहिली ओळ पुरी व्हायच्या आतच मी धा गे ना ती । ना के धी ना सुरू केलं. पहिली सम बरोबर पडली. पुढच्या वेळी मुखडा आला तेव्हा मी सातव्या मात्रेवर होतो. मला वाटलं, अक्का घाईने आल्या. त्याच्या पुढचा मुखडा माझ्या पाचव्या मात्रेवर पडला. ती खालीची जागा, तिथे डग्गा बंद. त्यामुळे कानाला ते निम्मं जमल्यासारखं वाटलं. मग मुखडा तिसरीवर आला, आणि त्यानंतर पुन्हा अगदी सणसणीत समेवर. मी मनात म्हटलं, चला, आल्या जागेवर.

या जागेवर येण्यानेच माझा घात केला. अक्कांची चाल सहा मात्रांची होती आणि मी आठात होतो. सहा चोक चोवीस, आठ त्रिक चोवीस. म्हणजे दर चोवीस मात्रांनी आमची गाठ पडणारच होती. दोघांची लय सारखी असली की चूक सतत चूक वाटत नाही. सुटते आणि पुन्हा जुळते. वाजवणाऱ्याला वाटतं, गाणारी हलते आहे. गाणारीला वाटतं, आपलंच चुकतंय. तिकडे टाळकरणींचे दोन तट पडले होते. पुढच्या चौघी माझ्याबरोबर, मागच्या अक्कांबरोबर. मंदिराच्या दगडी गाभाऱ्यात तो आवाज घुमायला लागला तेव्हा अक्कांनी गाता गाताच माझ्याकडे पाहिलं, डावा तळवा उताणा करून किंचित खाली दाबला. थांब, असं नाही, हळू हो.

मी डग्गा सोडला. फक्त किनारीवर एकेक ना देत राहिलो, दर मात्रेला एक, कुठलाही ठेका न धरता. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, भीतीने सुचलं. पण डग्गा थांबल्याबरोबर गाणं ऐकू यायला लागलं. अक्कांची मान कुठे झुकते ते दिसलं. एका झुकण्यापासून दुसऱ्या झुकण्यापर्यंत माझे तीन ना होत होते. दोन झुकण्यांत सहा. पुढचा मुखडा आला तेव्हा मी दादऱ्याने शिरलो, धा धी ना । धा ती ना, आणि दोन आवर्तनांत टाळ एक झाले.

दुसऱ्या दिवशी बारस सोडल्यावर अक्कांनी मला ओट्यावर बसवलं. तबला नाही, ढोलक नाही. "कालची गौळण मी म्हणते, तू मांडीवर थाप दे. जिथे शब्द जड होईल तिथे." मी थापा देत गेलो. मग म्हणाल्या, "आता दोन थापांच्या मधे बोटाची पेरं मोज." तीन पेरं. त्या चालीत जवळजवळ प्रत्येक जोडीत पहिलं अक्षर दोन मात्रा लांबत होतं आणि दुसरं एका मात्रेत संपत होतं. लांब-आखूड, लांब-आखूड. गोकुळाष्टमीचा पाळणा आम्ही म्हणतो त्याची चालही अशीच आहे, झोका जाताना तीन, येताना तीन. अशा चालीवर आठाचा ठेका घातला की आखूड अक्षराला ओढून लांब करावं लागतं किंवा गाणारीला ओळीच्या शेवटी मुकाट थांबून राहावं लागतं. काल अक्कांनी दोन्ही केलं नाही म्हणून आमची फारकत झाली. दुसरी कुणी नवखी असती तर तिने माझ्या ठेक्यासाठी चाल मोडली असती, आणि मला ते कळलंही नसतं.

मी विचारलं, "म्हणजे गौळणीला दादरा वाजवायचा का?"

"गौळणीला नाही रे. या चालीला. हीच गौळण माझी सासू वेगळ्या चालीवर म्हणायची, तिला केहरवाच लागायचा."

हे त्यांनी सहज सांगितलं, पण माझ्या डोक्यातली सगळी मांडणी त्याने बदलली. मी वहीत अभंगाला हा ताल, गौळणीला तो, आरतीला अमुक, असे रकाने पाडले होते. ते चुकीचे होते, कारण रकान्यात चाल नव्हती. आमच्या मंडळात एकेका अभंगाच्या दोन-दोन चाली आहेत. एक घरातून आलेली, एक रेडिओ आणि कॅसेटवरून. राम फाटकांनी बांधलेले आणि पं. भीमसेन जोशींनी गायलेले अभंग बायकांनी ऐकून ऐकून उचलले, आणि काही अभंगांच्या जुन्या चालीही सोडल्या नाहीत. शब्द तेच असतात. ठेका मात्र चाल ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही.

सहा की आठ हा प्रश्न टाळीने सुटतो. त्याहून नाजूक प्रश्न मला पुढच्या कार्तिकीला भेटला. अक्कांनी एक संथ अभंग घेतला. या वेळी मी शहाणा झालो होतो, आधी थापेने मोजलं, आठ आले, आणि केहरवा धरला. एकही सम चुकली नाही. तरीही गाणं लंगडत होतं. बायका ओळीच्या शेवटचं अक्षर लवकर सोडायला लागल्या, दम पुरत नसल्यासारख्या, आणि लय न कळत चढत गेली. तिसऱ्या कडव्याला तो संथ अभंग राहिलाच नव्हता.

केहरवा आणि भजनी ठेका दोन्ही आठ मात्रांचे, दोन्हीत पाचवीवर खाली. मोजून फरक कळत नाही, वाजवून कळतो. भजनी ठेका असा बोलतात: धिंऽ नाधिं ऽधिं नाऽ । तिंऽ नातिं ऽतिं नाऽ. यात तिसऱ्या मात्रेच्या डोक्यावर तबला गप्प आहे. सातव्या मात्रेवरही गप्प. पहिल्या धिंनंतर अर्धी मात्रा नुसती आस आहे. टाळ मात्र प्रत्येक मात्रेला वाजतो. म्हणजे तिसरीवर आणि सातवीवर टाळ एकटाच ऐकू येतो, आणि तबल्याचा बोल त्याच्या पाठोपाठ अर्ध्या मात्रेने येतो. त्या मोकळ्या जागेत गाणारीचा आकार पसरतो. केहरव्यात प्रत्येक मात्रेवर बोल आहे, आणि तिसरीवर तर किनारीचा टणक ना. संथ लयीत लांबवलेल्या अक्षरावर तो ना टोचणी लावतो. बायका अक्षर लवकर सोडत होत्या ते दमाने नव्हे, माझ्या टोचणीने.

अभंगाच्या बांधणीलाही भजनी ठेका फार सोयीचा पडतो. मोठ्या अभंगात तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. आमच्या बहुतेक संथ चालींत एक चरण एका आवर्तनात बसतो. सहा अक्षरं आठ मात्रांत, म्हणजे दोन अक्षरं लांबवायची. चौथ्या चरणात मात्र चारच अक्षरं, तिथे निम्मं आवर्तन आकाराला आणि श्वासाला मिळतं. त्या चौथ्या चरणाखाली वाजवणाऱ्याने भरगच्च काही वाजवलं की मागच्या बायकांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. मी तिथे आजही साधा ठेकाच ठेवतो. तिहाई, लग्गी काही नाही.

ढोलकवर हाच ठेका मला कधी समाधान देत नाही. तबल्याच्या दायाला शाई असते, त्यामुळे धिंला आस मिळते, आणि दाया षड्जात लावला की ती आस पेटीत मिसळते. ढोलकच्या चाटीला शाई नाही. तिथला धिं उमटतो आणि लगेच विझतो. मग भजनी ठेक्यातली मोकळी जागा भरलेली न वाटता नुसती रिकामी वाटते. म्हणून हाती ढोलकच असेल तर संथ अभंगाला मी डग्ग्याच्या बाजूचा घुमारा थोडा लांबवतो आणि चाटीवर हात हलका ठेवतो. तेवढ्याने पूर्ण भागत नाही, पण टोचत तरी नाही. गजराला उलट. तिथे ढोलकच हवी.

गजरात ठेका बदलावाच लागतो. सुरुवात भजनी ठेक्याने होते, लय वाढत जाते, आणि एका टप्प्यावर नाधिं ही जोडी बोटांत कोंबल्यासारखी व्हायला लागते. धिं उमटायच्या आधीच पुढचा बोल त्याला दाबतो. मी कान त्या धिंवरच ठेवतो. तो नुसता ठोका झाला की समजायचं, या ठेक्याचं काम संपलं, आता केहरवा. पण बदल ओळीच्या मधे करायचा नाही. नामाचं एक आवर्तन पुरं होऊ द्यायचं, समेवर धा घ्यायचा आणि तिथून केहरव्यात उतरायचं. मधेच बदललं की टाळकरणी क्षणभर बिचकतात आणि लय एक पायरी खाली घसरते. ती पुन्हा चढवायला चार आवर्तनं जातात.

अक्का आता नाहीत. त्यांची नात मंडळात ढोलकला बसते. मागच्या गुरुवारी तिने एका अभंगाची नवी चाल आणली होती आणि ती हिरमुसली होती, कारण थापेने मोजलं की तिला सात येत होते. "काका, हा रूपक आहे का?" मी म्हटलं, ढोलक खाली ठेव, बायकांना म्हणू दे, आपण दोघं पेरं मोजू. पहिल्या चरणात आठ. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात आठ. चौथ्यात सात. प्रत्येक ओळीत सात आले असते तर तो रूपकच होता. इथे ते फक्त चार अक्षरांच्या चरणात येत होते. पुढचं कडवं धरायच्या घाईत शेवटचं अक्षर एक मात्रा आधी तुटत होतं. तिने बायकांना काही सांगितलं नाही. टाळ घेतला, आणि चौथ्या चरणाच्या शेवटी, सगळ्या श्वास घेत असताना, त्या आठव्या मात्रेवर एकटीने वाजवला. दुसऱ्या कडव्याला त्या थांबल्या. तिने ढोलक परत मांडीवर घेतली.