दोन आकड्यांमधलं अंतर

इमर्जन्सी मेडिसिनच्या विद्यार्थ्यांना मी दर पावसाळ्यात एक केस हमखास देते. एकोणीस वर्षांचा मुलगा, वजन ५० किलो. पाच दिवस ताप. आज सकाळी ताप उतरला, म्हणून घरचे निर्धास्त झाले; पण दुपारपासून उलट्या, पोटात दुखणं आणि प्रचंड थकवा. नाडी मिनिटाला १२४, हाताला बारीक लागणारी. रक्तदाब १००/८६. हातपाय गार आणि ओलसर. बोटाचं टोक दाबून सोडलं तर रंग परत यायला चार सेकंद लागतात. शॉक आहे का, आणि असेल तर कुठला?

निम्मा वर्ग म्हणतो, शॉक नाही, कारण वरचा दाब १०० आहे. उरलेल्यांतले बहुतेक म्हणतात सेप्टिक, कारण ताप आहे. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि ती का चुकतात हे कळलं की तिन्ही शॉकची उकल सोपी होते.

वरचा दाब आपल्या डोळ्यांत आधी भरतो, पण शॉकच्या केसमध्ये तो सर्वांत उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी वजाबाकी करा. शंभरातून शहाऐंशी गेले, राहिले चौदा. हे अंतर म्हणजे पल्स प्रेशर. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतंय, याचा ढोबळ अंदाज त्यातून येतो. आणि खालचा आकडा सांगतो की रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत. या मुलाच्या वाहिन्यांतून रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतोय. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालंय, म्हणून प्रत्येक ठोका तोकडा. शरीराने त्यावर उपाय म्हणून कातडीच्या आणि हातापायांच्या वाहिन्या आवळून धरल्या आहेत. त्यामुळे खालचा दाब चढला, हात गार पडले आणि नाडी धावू लागली. मॉनिटरवर सरासरी दाब ९१ दिसतो आणि बघणाऱ्याला हायसं वाटतं. खरं तर तो आकडा वाहिन्यांनी जीव खाऊन आवळून धरल्यामुळे टिकलाय.

हा डेंग्यूचा शॉक, आणि जातीने हायपोव्होलेमिक. डेंग्यूत हे अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की वरचा दाब कितीही चांगला असो, शॉक धरायचा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट दिलेलं आहे. ताप उतरण्याच्या सुमारालाच गळती सर्वांत जास्त असते. घरचे निर्धास्त होतात नेमके तेव्हाच. केसमध्ये हिमॅटोक्रिट ५२ दिलेलं असेल तर शंका उरत नाही, कारण द्रव निघून गेल्याने रक्त दाट झालंय. उलट शॉक आहे आणि हिमॅटोक्रिट घसरलंय, तर आत कुठेतरी रक्तस्राव चालू आहे का ते शोधायला हवं.

आता सेप्टिक शॉकचं ठरलेलं चित्र शेजारी ठेवा. सत्तरीची बाई, दोन दिवस लघवीला जळजळ, आज असंबद्ध बोलतेय. नाडी ११८, पण भरलेली, बोटांवर उसळणारी. दाब ९२/३८. हात गरम, बोटाचा रंग सेकंदाभरात परत. अंतर ५४. इथे वाहिन्या सैल पडल्या आहेत, आणि ते सांगतो तो ३८ हा आकडा. त्या मुलाच्या आणि या बाईच्या वरच्या दाबात फक्त आठाचा फरक आहे. खालच्या दाबात अठ्ठेचाळीसचा. म्हणूनच केसमध्ये फक्त वरचा दाब देणारा प्रश्न मला अपुरा वाटतो. तो विद्यार्थ्याकडून निदान नव्हे, अंदाज मागतो.

हृदयाचा शॉक मात्र त्या मुलाच्या हातासारखाच हात घेऊन येतो. अठ्ठावन्न वर्षांचे मधुमेही गृहस्थ, छातीपेक्षा पोटाच्या वरच्या भागात जास्त दुखतंय, घामाने डबडबलेले. नाडी ११६ आणि बारीक, दाब ८८/७०, हात गार. अंतर १८, म्हणजे वरच्या दाबाच्या पाव हिश्शापेक्षाही कमी. हृदय पुरेसं रक्त टाकत नाही याची ही चांगली खूण आहे. पण नाडी, दाब आणि कातडी एवढ्यावरच थांबलात तर इथे फसाल, कारण ठोका दोन्हीकडे तोकडाच आहे: तिकडे भरायला रक्त नाही, इकडे ढकलायला ताकद नाही. रुग्णाला पंचेचाळीस अंशांत टेकवून मानेच्या शिरा पाहा. सपाट असतील तर टाकी रिकामी. फुगलेल्या असतील आणि फुफ्फुसांच्या तळाशी करकर ऐकू येत असेल, तर हृदय. शिरा फुगलेल्या पण फुफ्फुसं स्वच्छ असली, तर हृदयाच्या उजव्या बाजूचा झटका मनात आणा आणि उजव्या बाजूचा ईसीजी काढा. अशांची नाडी कधी पन्नासवर असते, आणि जिभेखाली दिलेली नायट्रेटची गोळी त्यांचा दाब धाडकन पाडू शकते.

हाताच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती घाईत उरकली जाते. बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत दाबायचं, दहा सेकंद धरायचं, सोडायचं आणि मोजायचं. तीन सेकंदांपर्यंत ठीक. एसीच्या थंड खोलीत किंवा मिणमिणत्या उजेडात ही मोजणी दगा देते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर गुडघ्याभोवतीची जाळीदार निळसर छटा सहज दिसत नाही. म्हणून मी हाताची मागची बाजू रुग्णाच्या मांडीवरून खाली पावलापर्यंत सरकवत नेते. गारवा कुठे सुरू होतो ते लक्षात ठेवायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं. तो खाली सरकला तर रुग्ण सुधारतोय.

सेप्सिसचा रुग्ण नेहमीच गरम नसतो. जुलाब-उलट्यांनी सुकून आलेला किंवा उशिरा आलेला सेप्टिक रुग्ण गार आणि चिंचोळ्या दाबाचाच असतो. जंतूंच्या विषांनी हृदयही थकतं. आणि बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची नाडी तिन्ही शॉकमध्ये ऐंशीच्या पुढे जाईलच असं नाही. म्हणून केसमधली औषधांची ओळ मी विद्यार्थ्यांना आधी वाचायला लावते.

आता पुन्हा त्या मुलाकडे. सेप्टिक समजून किलोला ३० मिलीच्या हिशेबाने त्याला दीड लिटर सलाइन धडाधड सोडलं, तर ते गळक्या वाहिन्यांतून छातीत आणि पोटात साठेल. दाब टिकून असलेल्या डेंग्यू शॉकला तासाला किलोमागे ५ ते १० मिली, म्हणजे याला पहिल्या तासात अडीचशे ते पाचशे मिली, आणि मग पुन्हा तपासणी. तासाभराने नाडी १०४, दाब १०४/७४, हात कोमट असेल तर सलाइन कमी करत जायचं.

दोन दिवसांनी प्रश्नाचा दुसरा भाग येतो. नाडी ५८, दाब ११८/६४, हात गरम, लघवी भरपूर, हिमॅटोक्रिट ३८, पण मुलाला धाप लागतेय. गरम हात आणि रुंद अंतर पाहून काहीजण सेप्सिस लिहितात आणि सलाइन वाढवतात. बाहेर झिरपलेला द्रव आता वाहिन्यांत परत येतोय. इथे सलाइन बंद करायचं असतं.