थांब, थांबा आणि ‘एक मिनिट’

इंग्रजी मालिका मराठीत डब होते तेव्हा मूळ संहितेबरोबर आमच्याकडे एक तक्ता येतो किंवा आम्हालाच तो तयार करावा लागतो. उभ्या रांगेत पात्रांची नावं, आडव्या रांगेत पुन्हा तीच नावं, आणि प्रत्येक चौकटीत एकच नोंद : ‘तू’ की ‘तुम्ही’. कोण कोणाला काय म्हणतं हे ठरल्याशिवाय संवादलेखकाला एक साधी ओळही लिहिता येत नाही. प्रेमाचे किंवा भांडणाचे संवाद त्यातल्या त्यात सोपे जातात, कारण तिथे भावना उघड असतात. खरी परीक्षा ‘होल्ड ऑन’, ‘हँग ऑन’, ‘गिमी अ सेक’ असल्या चिल्लर वाक्यांची. एका भागात ती पंधरा-वीस वेळा सहज येतात आणि दरवेळी समोरचा माणूस वेगळा असतो.

इंग्रजीत एकेकाळी ‘तू’साठी ‘दाऊ’ होतं. ते रोजच्या बोलण्यातून गेलं आणि क्रियापदाला माणूस पाहून बदलण्याचं कारण उरलं नाही. पोराला, नवऱ्याला, वरिष्ठाला, दारात आलेल्या अनोळखी माणसाला, सगळ्यांना ‘होल्ड ऑन’ चालतं. सलगी दिसते ती झिजलेल्या उच्चारांत. ‘गिव्ह मी’चं ‘गिमी’ झालं की घाई आणि आपलेपणा दोन्ही कळतात, मात्र मान कमी-जास्त झाला असं कोणाला वाटत नाही. मराठीत मान क्रियापदात बसलेला आहे : थांब, थांबा, थांबावं. सलगी आणि घाई त्याच्या आजूबाजूच्या बारक्या शब्दांत असतात : जरा, ना, हं, की, तेवढं. मान एकीकडे आणि जिव्हाळा दुसरीकडे, हे ज्याला कळलं नाही तो मृदूपणा आणायचा म्हणून मान वाढवत जातो. मग रुग्णालयात धावपळ करणारी तरुण डॉक्टर नवऱ्याला फोनवर म्हणते, ‘कृपया एक क्षण थांबा.’ ऐकणाऱ्याला वाटतं, फलाटावरची सूचनाच लागली.

विध्यर्थाचंही तसंच. ‘आपण थांबावं’ हे व्याकरणाने निर्दोष आणि आदराने ओथंबलेलं आहे. पण ते कार्यक्रमाच्या निवेदनात किंवा ऐतिहासिक मालिकेच्या दरबारात शोभतं. लिफ्टचं दार धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी ते घातलं की प्रसंगाचा काळच बदलतो.

प्रश्नार्थक रूपाने आज्ञा मऊ होते, हा समज तर फार पक्का आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. ‘पाणी देशील का?’ यात आर्जव आहे. ‘जरा थांबशील का?’ यात मात्र बहुतेक वेळा चीड ऐकू येते, आणि ‘जरा गप्प बसशील का?’ यात तर नक्कीच. रूप तेच, मग सूर का बदलतो? पहिल्यात आपण काहीतरी मागतो आहोत. दुसऱ्यात समोरच्याचं चाललेलं काम तोडतो आहोत, आणि तोडताना वापरलेली शिष्टाई टोचते. म्हणून ‘गिमी अ सेक’ आणि ‘होल्ड ऑन’ यांना मी एका खणात ठेवत नाही. इंग्रजीत ती अनेकदा एकमेकांच्या जागी येतात. मराठीत आणताना आधी पाहावं लागतं की बोलणाऱ्याला वेळ हवा आहे की समोरच्याला अडवायचं आहे.

वेळ हवा असेल तेव्हा मराठीकडे एक सुंदर सोय आहे. समोरच्याला आज्ञा करायचीच नाही, आपण वचन द्यायचं. ‘आलेच.’ ‘बघते हं.’ ‘सांगतो.’ ‘हे झालंच.’ काम समोरच्यावर न टाकता स्वतःवर घेतलं की मानाचा प्रश्नच उरत नाही, कारण क्रियापद आता आपल्याबद्दल बोलतं आहे. ‘आलेच’मध्ये तर मी अजून निघालेलीही नसते, तरी भूतकाळ वापरून मोकळी होते, आणि शेवटचा ‘च’ ऐकणाऱ्याला धीर देतो. ‘गिमी अ सेक’ला याहून नेमका मराठी पर्याय मला माहीत नाही.

या सोयीची अडचण एकच, तिच्यात बहुतेक वेळा लिंग उघड होतं. ‘आलो’ की ‘आले’, ‘बोलतो’ की ‘बोलते’ हे ठरवावंच लागतं. रहस्यकथेत फोनवरचा आवाज मुद्दाम बदललेला असेल आणि तो बाईचा की पुरुषाचा हे सातव्या भागापर्यंत कळू द्यायचं नसेल, तर वचनाची वाट जवळजवळ बंद. तिथे क्रियापदच नसलेलं ‘एक मिनिट’ उपयोगी पडतं.

आता एक दृश्य घेऊन हे सगळं करून पाहू. अमेरिकेतलं रुग्णालय, रात्रपाळी. तिशीतली डॉक्टर एका लहान मुलाजवळ उभी आहे, शेजारी मुलाची आई. नवऱ्याचा फोन येतो. ती म्हणते, ‘गिमी अ सेक.’ दारातून वयाने मोठी परिचारिका हाक मारते. पुन्हा ‘गिमी अ सेक.’ सुई पाहून मूल रडायला लागतं. ‘हँग ऑन, स्वीटी.’ इतक्यात वरिष्ठ डॉक्टर येऊन मुलाला घरी सोडायच्या कागदावर सही करू लागतात. ‘होल्ड ऑन, होल्ड ऑन.’ शेवटी ती मुलाच्या आईला म्हणते, ‘कॅन यू गिव्ह अस अ मिनिट?’

नवऱ्याचं नातं तक्त्यात ‘तू’ आहे, तेव्हा : ‘थांब, बोलते.’ नुसतं ‘थांब’ तोडून टाकल्यासारखं वाटलं असतं. मागून आलेलं ‘बोलते’ त्याची धार काढून घेतं. परिचारिकेला इंग्रजीत ती नावाने हाक मारते. मराठी रुग्णालयात वयाने मोठ्या बाईंना तरुण डॉक्टर ‘सिस्टर’ आणि ‘तुम्ही’ म्हणेल. ‘सिस्टर, आलेच.’ मूळ दोन्ही वाक्यं अगदी सारखी होती, मराठीत एकही शब्द सामाईक उरला नाही, आणि ते बरोबरच आहे.

मुलाला : ‘थांब हं बाळा.’ हा ‘हं’ वरून खाली जातो. मोठी माणसं लहानांना तो देतात, बरोबरीची माणसं एकमेकांना देतात. वरिष्ठाशी बोलताना ‘थांबा हं, सर’ म्हटलं तर सरांना कुरवाळल्यासारखं होईल. ‘दे पाहू’, ‘दाखव बघू’ यांतला ‘पाहू’, ‘बघू’ही तसाच, तो वरच्या दिशेने कधी चढत नाही. ‘ना’ सगळीकडे जातो, पण त्यात हट्ट असतो. ‘की’ची तऱ्हा आणखी निराळी. कोल्हापुरात ‘बसा की’, ‘थांबा की जरा’ हे आग्रहाचं, मायेचं बोलणं. तेच ‘थांबा की’ पुण्यातल्या पात्राच्या तोंडी दिलं तर ते वैतागलेलं वाटतं. म्हणून पात्राला कोणती बोली दिली आहे हे ठरल्याशिवाय मी ‘की’ला हात लावत नाही.

वरिष्ठ डॉक्टरांची ओळ या दृश्यातली सगळ्यात अवघड. तिला त्यांना अडवायचंच आहे : मुलाच्या रक्तात पोटॅशियम वाढलेलं दिसतं आहे आणि सही झाली तर मूल घरी जाईल. ‘थांबा, थांबा’ म्हणता येतं. घाईच्या, धोक्याच्या प्रसंगी मराठीत उघडी आज्ञा कोणी मनावर घेत नाही, आणि दोनदा म्हटल्याने ती हुकूम न राहता विनवणी होते. ‘जरा थांबूया का, सर?’ हीसुद्धा चांगली वाट आहे. स्वतःला धरून ‘आपण’ केलं की धाकट्या माणसाला मोठ्याला अडवता येतं. पण त्यात निवांतपणा आहे आणि इथे पेन कागदावर टेकलेलं आहे. शिवाय कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ आहे. ‘होल्ड ऑन’ म्हणताना ओठ गोल होतात, मिटत कुठेच नाहीत. ‘थांबा’ म्हणताना ‘बा’च्या आधी ते घट्ट मिटतात, ‘मिनिट’मध्ये ‘मि’ला मिटतात. मोठ्या पडद्यावर ही चूक सगळ्यांना दिसते, काय चुकलं ते सांगता आलं नाही तरी.

तिथे मी लिहीन : ‘सर, सर...’ आणि कॅमेरा तिच्या हातातल्या अहवालावर गेला की ‘पोटॅशियम बघा.’ नुसत्या हाकेनेच माणूस थांबतो. अडवणारी आज्ञा पूर्ण गाळली, तरी अडवणं राहिलं, मान राहिला आणि ओठही जुळले. ‘अहो’, ‘अगं’, ‘अरे’ याच कामाला येतात. त्यांत नातं आणि मान आधीच भरलेले असल्याने पुढचं क्रियापद सोडून देता येतं : ‘अहो, एक मिनिट.’

मुलाच्या आईची ओळ तर फसवीच आहे. ‘आम्हाला एक मिनिट देऊ शकता का?’ असं भाषांतर मी अनेक संहितांत पाहिलं आहे. एक तर ‘शकता का’ने तिच्या ताकदीची चौकशी होते, ही रचना इंग्रजीतून आली आणि ग्राहकसेवेच्या फोनवर रुजली, पण घरात कोणी ‘तू मीठ देऊ शकतोस का’ म्हणत नाही, ‘तेवढं मीठ दे ना’ म्हणतं. दुसरं म्हणजे डॉक्टर मिनिट मागतच नाही, ती आईला खोलीबाहेर जायला सांगते आहे. ‘जरा बाहेर थांबता? बोलावते लगेच.’ इथे शेवटचा ‘का’ गाळून नुसता सूर वर नेला की प्रश्न आणखी मऊ होतो. ‘बोलावते लगेच’ हे मूळ संवादात नाही. ते घालायला जागा मिळते कारण त्या वेळी पडद्यावर डॉक्टरची पाठ असते.

अनेकदा आमच्याकडे इंग्रजीऐवजी आधी तयार झालेली हिंदी संहिता येते, आणि तिथून एक वेगळाच गोंधळ शिरतो. हिंदीत तीन पायऱ्या आहेत, रुक, रुको, रुकिए. मधलं ‘रुको’ मित्रमैत्रिणींत सर्रास चालतं. मराठीत ती मधली पायरी नाही. ‘तुम’ पाहून ‘तुम्ही’ लिहिलं की वर्गमित्र एकमेकांना ‘थांबा’ म्हणू लागतात. हे ओळखायची माझी रीत साधी आहे. पात्रांच्या नावांचा रकाना झाकायचा आणि संवाद दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचे. कोण कोणाशी बोलतं आहे, दोघांची किती ओळख आहे, हे ऐकणाऱ्याने सांगायचं. सोळा वर्षांच्या दोन मुली ‘सोसायटीतल्या दोन काकू’ वाटल्या, तर ओळ हिंदीमार्गे आली आहे. आवाज देणारे कलाकारही हे पटकन पकडतात. चुकीच्या ‘थांबा’वर त्यांची जीभ अडखळते, किंवा ते नकळत ‘थांब’ म्हणून मोकळे होतात. अशा वेळी मी पुन्हा घ्यायला सांगत नाही, संहिता बदलते.

बापलेकांची चौकट मात्र अजून मला सहज भरता येत नाही. आईला ‘तू’ हे जुनंच, वडिलांना ‘तुम्ही’ही तितकंच जुनं, पण आता कितीतरी घरांत ‘बाबा, थांब ना’ ऐकू येतं. वडील साठीचे आणि मुलगा चाळिशीचा असेल तर मी ‘थांबा’ ठेवते, मूल शाळेतलं असेल तर ‘थांब’.

आणि प्रेमकथेत तक्त्याची चौकट एका नोंदीत भरत नाही. पहिल्या भागात ती दोघं अनोळखी, दहाव्यात एकत्र राहणारी. इंग्रजीत दोन्हीकडे ‘होल्ड ऑन’. मराठीत ‘थांबा’चं ‘थांब’ कुठल्या ओळीला होतं ते मलाच ठरवावं लागतं, आणि एकदा झालं की परतीची वाट फक्त भांडणात असते. मूळ लेखकाने तो क्षण लिहिलेलाच नसतो. म्हणून मी बदलाच्या आधीच्या दोन-तीन दृश्यांतून समोरच्याला उद्देशून असलेली क्रियापदं काढून घेते. तिथे दोघं एकमेकांना फक्त ‘एक मिनिट’, ‘आलोच’, ‘हे बघ’ऐवजी ‘हे काय’ असं म्हणत राहतात. मग पावसात ती घाईने पुढे निघते, तो मागून ‘अगं, थांब’ म्हणतो, आणि तक्त्यातल्या त्या चौकटीत मी भागाचा क्रमांक आणि टाइमकोड लिहून ठेवते.