छत गळतंय, पण भाडं थांबवू नका



कबनूरला आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिवाळीपासून छत ठिपकत होतं. डाळ-तांदळाचे डबे हलवले, खाली पातेलं ठेवलं. घरमालक काका वरच राहतात. विचारलं की म्हणत, "पावसाचं मुरलेलं पाणी हाय, वाळंल की!" पण मार्चमध्ये कुठला पाऊस? मग काकांकडची मंडळी चार दिवस लग्नाला गेली आणि ठिपकणं थांबलं. ती परतली, तसं पुन्हा सुरू! म्हणजे दोष छताचा नव्हे, वरच्या न्हाणीचा. मी तारखा वहीत टिपल्या.

हे म्हणाले, "या महिन्याचं भाडंच देऊ नको." मलाही तेच वाटत होतं. पण ओळखीच्या वकीलबाईंनी अडवलं. भाडं थकलं की आपणच दोषी ठरतो आणि घर खाली करायला निमित्त मिळतं.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती मालकाची. किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर भाडेकरूने ते करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आमचं भाडं चार हजार, म्हणजे वर्षाचे अठ्ठेचाळीस. त्यातले बारा हजार ही मर्यादा. पावत्या मात्र जपायच्या. हा कायदा सगळ्याच गावांना लागू नाही, त्याच्या परिशिष्टातल्या भागांनाच आहे. तेव्हा आधी वकिलाला विचारा आणि करारही वाचून घ्या.

आमची खरी अडचण निराळीच! काम काकांच्याच न्हाणीत. त्यांच्या संमतीवाचून गवंडी पाठवणार कसा? म्हणून पत्रात तीनच गोष्टी लिहिल्या: पंधरा दिवसांत काम करावं, नाहीतर आमच्या गवंड्याला येऊ द्यावं, खर्च भाड्यातून वळता होईल, आणि कोपरा वापरता येत नाही तोवर भाड्यात महिना पाचशेची सूट द्यावी. सोबत वहीतल्या तारखांची नक्कल. पत्र टपालाने, पोच मिळेल असं पाठवलं. भाडंही वेळेवर देऊन पावती घेतली.

काका दोन दिवस जिन्यात बोलले नाहीत. "एका घरात राहून पोस्टानं पत्र?" काकूंनी मला सुनावलंच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! पण तेराव्या दिवशी गवंडी आला. जाळीभोवतीचा सांधा फुटला होता. फरशी उकरून नवा बसवला, उतार नीट केला.

सुटीचं मात्र जमलं नाही. गळतीसाठी भाडं कमी करा, असं त्या कलमात नाही. ते आपसांत ठरवायचं. शेवटी काकांनी कोपऱ्याचा रंग स्वखर्चाने द्यायचं कबूल केलं. मी म्हटलं, "भिंत महिनाभर सुकू दे, मग द्या. ओलीवर दिला तर पोपडे धरतील."

डबे अजून खाटेखालीच आहेत.