कपड्याच्या चिठ्ठीवरचे आकडे

दिवाळी किंवा लग्नसराई आली की मुरबाड-शहापूरकडची आपली माणसं एस.टी.ने कल्याण गाठतात आणि घरातल्या सगळ्यांचे तयार कपडे एका फेरीत घेऊन येतात. ज्याच्यासाठी कपडा घ्यायचा तो बहुतेक वेळा शेतावर असतो. अंगाला लावून बघायची सोय नाही. कपडा लहान निघाला तर बदलायला पुन्हा भाडं आणि एका दिवसाचा खाडा. अशा वेळी विश्वास ठेवायला हाताशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कपड्याच्या मानेपाशी किंवा कमरेला शिवलेली चिठ्ठी. मी घरी शिलाईची मशीन चालवते. बाजारातून आणलेले कपडे दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, म्हणून ह्या चिठ्ठीबद्दल चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१९५६ च्या कायद्याने आपल्याकडे वार जाऊन मीटर आला. कापड मीटरने मिळू लागलं, पण शिंप्याची टेप इंचातच बोलत राहिली. तयार कपड्यांत सेंटिमीटर पहिल्यांदा ओळखीचा झाला तो बनियनमुळे. ८५ नंबर, ९० नंबर असं आपण दुकानात सहज मागतो. तो ९० म्हणजे ज्याची छाती ९० सेंटिमीटर भरते अशा माणसाचं बनियन. आकडा माणसाच्या अंगाचा आहे, कापडाचा नव्हे. बनियन सपाट पसरून मोजाल तर ९० भरणार नाही, कमीच भरेल, कारण ते अंगावर ताणून बसतं.

युरोपातल्या देशांनी कपड्यांच्या मापासाठी जे प्रमाण ठरवलं, ते हेच तत्त्व धरून. त्याचं नाव ईएन १३४०२. त्याच्या चिठ्ठीवर माणसाची छोटी आकृती असते आणि छाती, कंबर, सीट ह्यांच्या जागी रेघा काढून आकडे दिलेले असतात. कल्याण-उल्हासनगरच्या बाजारात निर्यातीचा उरलेला माल मिळतो, त्यावर अशी चिठ्ठी कधीकधी दिसते. पुरुषांच्या मापात छातीसाठी एस म्हणजे ८६ ते ९४, एम म्हणजे ९४ ते १०२ आणि एल म्हणजे १०२ ते ११०. बायकांचे आकडे वेगळे आहेत. त्यांच्यात एस ८२ ते ९० आणि एम ९० ते ९८. म्हणून भावाला एम लागतो तर वहिनीलाही एमच, असा हिशेब करू नये.

आता नीट बघा, ९४ हा आकडा एसमध्येही आहे आणि एममध्येही. ज्याची छाती बरोबर ९४ आहे त्याने शर्ट घेताना वरचा घ्यावा. बनियन किंवा टी-शर्टासारखं ताणणारं कापड असेल तर खालचाही चालतो.

खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारने नियम दुरुस्त करून मोकळ्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवरही एस, एम, एल ह्या खुणेबरोबर माप सेंटिमीटरमध्ये लिहायला सांगितलं. पण तो आकडा अंगाचा की शिवलेल्या कपड्याचा, हे आपल्यालाच ओळखावं लागतं. माझ्या पुतण्याचंच उदाहरण घ्या. त्याची छाती ९७. त्याच्या साखरपुड्यासाठी आम्ही कल्याणला स्टेशनजवळ शर्ट बघत होतो. एका शर्टावर ९४–१०२ आणि माणसाची आकृती होती. दुसऱ्यावर नुसतं ‘छाती १०६’. वहिनी म्हणाल्या, “अगं, हा तर केवढा ढगळ होईल!” मी दुसरा शर्ट गल्ल्यावर सपाट पसरला आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावली. ५३ भरले. दुप्पट १०६. म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा कपड्याचाच होता. शर्टाला अंगापेक्षा आठ-दहा सेंटिमीटर सैलपणा लागतोच, नाहीतर हात वर करता येत नाही. ९७ च्या छातीला १०६ चा शर्ट अगदी बेताचा. दोन्ही शर्ट त्याला आले.

तेव्हा ओळखायची रीत अशी. कपडा पसरून मोजा. दुप्पट केलेलं माप चिठ्ठीच्या आकड्याशी जुळलं तर आकडा कपड्याचा, आणि त्यातून सैलपणा वजा करून आपलं माप धरायचं. मोजलेलं माप चिठ्ठीहून चांगलं आठ-दहा सेंटिमीटर जास्त निघालं तर आकडा अंगाचा, आणि आपलं माप सरळ त्याच्याशी ताडून बघायचं.

हे सगळं ताडायला घरून माप बरोबर नेलेलं हवं. छाती काखेखालून, जिथे जास्तीत जास्त भरते तिथे, श्वास नेहमीसारखा ठेवून घ्यावी. सीट मागून सर्वांत भरलेल्या जागी. कमरेत मात्र घोटाळा होतो. प्रमाणातली कंबर म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधली जागा. आपले पुरुष पँट बांधतात ती पोटाखाली, आणि जीन्स तर त्याहूनही खाली बसते. दोन्ही जागांची मापं सारखी निघत नाहीत. म्हणून जीन्स घेताना चांगली बसणारी जुनी जीन्स पसरून तिच्या पट्ट्याचं माप घ्या आणि नवीच्या पट्ट्याशी ताडा. टेपचीही एक गंमत आहे. पुष्कळ टेपांवर इंच एका टोकापासून सुरू होतात आणि सेंटिमीटर दुसऱ्या टोकापासून. कापडी टेप जुनी झाली की ताणते, तेव्हा मुलांच्या शाळेच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर तपासून घ्या.

बायकांच्या पँटीत कंबर आणि सीट दोन्ही बघावी लागतात. वहिनींची कंबर ८० आणि सीट १०९. आवडलेल्या पँटीवर कंबर ७४–८२, सीट ९८–१०६ असं होतं. दुकानदार म्हणाला, “ताई, कंबर बसतेय ना, मग घ्या की.” मी घेऊ दिली नाही. पुढचं माप ८२–९० आणि १०६–११४ होतं, ते घेतलं आणि घरी कमरेला मागून दोन टक घालून ती आत घेतली. कारखान्याच्या शिवणीत आत माया जेमतेम एक सेंटिमीटर सोडलेली असते. त्यामुळे सैल कपडा आत घेता येतो, घट्ट कपडा उसवून वाढवता येत नाही. जिथे माप वरचं लागतं, त्या जागेवरून कपडा निवडावा.

ही सगळी मापं युरोपातल्या अंगांवरून बसवलेली, आपली ठेवण निराळी. म्हणूनच आपल्या निफ्ट संस्थेने मुंबई धरून देशातल्या सहा शहरांत स्त्री-पुरुषांची मापं यंत्राने घेण्याचं काम हाती घेतलं.

शेवटी शर्टाच्या ‘४०’ बद्दल. डोंबिवलीच्या एका दुकानात एकाच फळीवर दोन शर्ट होते, दोघांवरही ४०. एकावर तो छातीचा इंचातला आकडा, म्हणजे साधारण १०२ सेंटिमीटर. दुसरा ऑफिसात घालायचा शर्ट होता आणि त्यावर तो गळ्याचा, म्हणजे कॉलर ४० सेंटिमीटर. अशा शर्टावर ३८, ३९, ४०, ४२ असे आकडे असतात आणि त्यात ३९ हटकून असतो. इंचातली छाती बहुधा ३८, ४०, ४२ अशी दोन-दोनने चढते. फळीवर ३९ दिसला की समजा, दुकानदार गळ्याचं माप सांगतो आहे, आणि टेप गळ्याभोवती एक बोट आत राहील अशी धरा.